मागच्या ओळीत डावीकडून चौथी

“सर, मी चुकले नव्हते.”

मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीच्या दारात ती उभी होती. सहावीतली मुलगी. हातात शाळेचा वार्षिक अंक आणि एका पानात अडकवलेलं बोट. त्या पानावर तिचाच फोटो होता, स्नेहसंमेलनातल्या लेझमीचा. फोटो मीच निवडला होता, मीच कापला होता आणि पान लागल्यावर आपलं काम चांगलं झालं म्हणून समाधानही मानलं होतं. तिने अंक टेबलावर ठेवला, पान उघडलं आणि काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिली. मी फोटो पाहिला. सहा मुली वाकलेल्या असताना एक नीट उभी होती, दोन्ही हातांनी लेझीम डोक्यावर धरून, हसत. वर्गात अंक वाटल्यापासून तिला काय काय ऐकावं लागलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. सगळ्या वाकल्या आणि ही आपली उभीच.

ती खरोखरच चुकली नव्हती. चूक माझी होती. ती कशी झाली हे नीट समजून घ्यायला मला काही दिवस लागले, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मूळ फोटो सांगतो. जानेवारीतली संध्याकाळ, शाळेच्या मैदानावर मांडव, साधारण तीस फूट रुंदीचं स्टेज. गावातल्या स्टुडिओवाल्याने खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभं राहून फोटो काढले होते. छापील प्रतींबरोबर मूळ फाइलीही पेन ड्राइव्हवर द्यायला मी त्याला सांगितलं होतं, कारण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत छपाईसाठी काही उरत नाही. लेझमीच्या त्या फोटोची फाइल 6000 बाय 4000 ठिपक्यांची होती, म्हणजे एकूण दोन कोटी चाळीस लाख ठिपके. स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत मावलेलं. मुली अठरा, नऊ-नऊच्या दोन ओळी. पुढच्या ओळीतल्या सगळ्या वाकून लेझीम पायांजवळ वाजवताहेत. मागची ओळ मात्र पीटीच्या सरांनी वेगळी बसवली होती. तिथे एक आड एक मुलगी वाकते आणि उरलेल्या लेझीम उंच धरून उभ्या राहतात, पुढच्या ठेक्याला उलट. उखळात दोघीजणी कांडताना एकीचं मुसळ वर असतं तेव्हा दुसरीचं खाली, तसं. फोटो टिपला गेला त्या क्षणी मागच्या ओळीतली दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी उभी होती. बाकीच्या पाच वाकलेल्या. आपली मुलगी चौथी.

स्टेजवर दोन मुलींमध्ये साधारण तीन फुटांचं अंतर होतं. फोटोत ते सहाशे ठिपक्यांच्या आसपास भरतं. हे अंतर लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

अंकाच्या त्या पानावर मला सहा इंच बाय चार इंचांची जागा मिळाली होती. छापखानेवाल्यांचं एक ठरलेलं सांगणं असतं, इंचाला तीनशे ठिपके हवेत, त्याखाली फोटो मऊ पडतो. सहा इंचांना अठराशे आणि चार इंचांना बाराशे. मी अठराशे बाय बाराशेची चौकट घेतली आणि फोटोवर सरकवत राहिलो. कुठे थांबलो असेन? जिथे चेहरा सगळ्यात चांगला आला होता तिथे. लेझीम वर जाऊन क्षणभर स्थिरावते, तेव्हाच शटर दाबलं गेलं होतं, त्यामुळे उभ्या मुली स्पष्ट आल्या होत्या. वाकलेल्यांचे हात झांजांच्या हलण्यात पुसट झाले होते. उभ्या चौघींत या मुलीच्या तोंडावर समोरचा पिवळा दिवा बरोबर पडला होता. ती मध्ये, शेजारच्या दोघी बाजूंना आणि पुढच्या ओळीतल्या तिघी खाली, अशी चौकट जमून आली. मला वाटलं, मी तिला एकटं पाडलं नाही, आजूबाजूच्या मुलीही ठेवल्या. समूहाचं नृत्य समूहासारखंच दिसतंय. मी मनापासून असं समजत होतो.

आता त्या चौकटीत काय आलं ते मोजा. अठराशे ठिपके म्हणजे तीन मुलींची रुंदी. मागच्या ओळीतली तिसरी, चौथी आणि पाचवी. तिसरी वाकलेली, पाचवी वाकलेली. दुसरी उभी होती, ती डावीकडे कापली गेली. सहावी उभी होती, ती उजवीकडे. एक आड एक हे ज्यांच्यामुळे कळलं असतं, त्या दोघीच मी बाहेर ठेवल्या. उरलं ते पाच वाकलेल्यांमधलं एक उभं पोर.

थांबा, वर मी सहा वाकलेल्या म्हणालो. सहावी पुढच्या ओळीतली होती, तिचं नुसतं डोकं आणि गजरा उजव्या कडेला अर्धा आला होता. तोही तिच्या विरोधात एक साक्षीदार वाढवून गेला.

त्या दिवशी घरी येऊन मी मूळ फाइल उघडली आणि वेगवेगळ्या चौकटी करून पाहिल्या. उंची सगळ्यांची बाराशेच ठेवली, फक्त रुंदी बदलत गेलो. पहिली चौकट तिच्या एकटीची, 800 बाय 1200. ही अख्ख्या फोटोच्या शंभरातले चार भाग आहे. दुसरी अंकात छापली ती, शंभरातले नऊ भाग. तिसरी पाच मुलींची, 3000 बाय 1200, शंभरातले पंधरा भाग. तिच्यात दुसरी आणि सहावी दोन्ही बाजूंनी पुरत्या येतात.

दुसऱ्या दिवशी हे तिन्ही तुकडे मी आमच्याकडे जूनमध्ये नव्याने आलेल्या गणिताच्या मॅडमना दाखवले. त्या संमेलनाला नव्हत्या, ही गोष्ट महत्त्वाची. जो तिथे होता त्याला विचारून उपयोग नसतो, तो डोळ्यांनी कापलेला भाग मनाने भरून काढतो. माझंही तेच झालं होतं. मी पहिल्या रांगेत बसून ते नृत्य पाहिलं होतं, त्यामुळे कापलेल्या दोघी मला त्या चौकटीतही दिसत होत्या. मॅडमना मी एवढंच म्हणालो, “यात काय चाललंय ते सांगा.”

एकटीचा फोटो पाहून त्या म्हणाल्या, “छान आलीय. लेझीम खेळतेय. पथकातली असेल.” तिघींचा पाहून थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “हिचं लक्ष नव्हतं वाटतं, बाकीच्या वाकल्यात.” पाच जणींचा पाहिला आणि लगेच म्हणाल्या, “अच्छा, एक आड एक आहेत होय.”

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं मी असं धरून चाललो होतो की, फोटोतून जेवढं जास्त कापाल तेवढा संदर्भ जास्त जातो. सगळ्यात कमी कापाल तर सगळ्यात कमी नुकसान. सरळ हिशेब. तो खोटा ठरला. चार भागांच्या तुकड्याने तिचं काही बिघडवलं नव्हतं. नऊ भागांच्या तुकड्याने, ज्यात दुपटीहून जास्त संदर्भ होता, तिच्यावर चुकीचा शिक्का मारला होता. आणि पंधरा भागांवर गेल्याबरोबर तो शिक्का पुसला गेला. नुकसान सावकाश वाढत किंवा सावकाश कमी होत नाही. दोन मुली आत येतात आणि अर्थ एकदम पालटतो.

असं का होतं याचा मी बराच विचार केला. एकटीचा फोटो पाहताना बघणाऱ्याला ठाऊक असतं की, याच्या बाहेर काहीतरी आहे. लेझीम एकटीने खेळत नाहीत, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. त्या फोटोत उणीव आहे, पण ती उणीव उघड दिसते. बघणारा सावध राहतो, फार काही ठरवत नाही. मॅडम ‘पथकातली असेल’ म्हणाल्या, त्यातला ‘असेल’ मला फार मोलाचा वाटतो. तिघींच्या फोटोत मात्र बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला पुरेसं दिसतंय. शेजारी आहेत, पुढची ओळ आहे, तुलना करायला माणसं आहेत. तो तुलना करतो आणि निकाल देतो. एखाद्या भांडणात काहीच ऐकलं नाही तर माणूस गप्प राहतो, पण मधलीच चार वाक्यं कानावर पडली तर कोणाचं चुकलं ते सांगून मोकळा होतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या धरायला लागलो आहे. कापल्यामुळे फोटोतून काय गेलं, ही एक. कापल्यामुळे फोटो नवीन काय सांगायला लागला, ही दुसरी. पहिलं नुकसान प्रत्येक कातरीत असतंच, त्याची खंत किती करायची हे फोटो कशासाठी हवा आहे त्यावर ठरतं. दुसरं नुकसान मला चालत नाही, मग त्याला कितीही कमी ठिपके गेलेले असोत.

इथे एका जगप्रसिद्ध फोटोची आठवण होते, कारण तोही स्टेजवरच्या गर्दीतून एक माणूस कापून काढलेला फोटो आहे. चे गेव्हाराचा. टोपीवर तारा, मोकळे केस, दूर लागलेली नजर. टी-शर्टांवर आणि कॉलेजच्या खोल्यांमधल्या भिंतींवर आपण सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. तो आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने 5 मार्च 1960 रोजी हवानात काढला. ‘ला कुब्र’ नावाच्या जहाजावर आदल्या दिवशी स्फोट होऊन बरीच माणसं गेली होती, त्यांच्या शोकसभेत. चे थोडाच वेळ मंचाच्या पुढच्या कडेला आला होता. मूळ फोटो आडवा आहे. त्यात एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या. कोर्दाने दोन्ही कापले आणि उभा फोटो केला. त्याने काही खोटं घातलं नाही, फक्त कापलं. पण शोकसभा गेली. मेलेल्या माणसांसाठी उभा असलेला माणूस उद्याकडे बघणारा माणूस झाला. फोटो बलवान झाला हे मान्य, आणि कोर्दाची कातर अचूक होती हेही मान्य. तरी ती नजर शोकसभेतली आहे हे कळल्यापासून मला तो फोटो पूर्वीसारखा बघता येत नाही.

नजरेचं हे प्रकरण आमच्या लेझमीच्या फोटोतही आहे. मुलीची आई एकटीचा फोटो मागायला आली तेव्हा तिने पहिलाच प्रश्न तो विचारला. “सर, ही कुठं बघतीय?” मुलगी हसते आहे, पण डोळे समोर नाहीत, डावीकडे आणि किंचित खाली आहेत. एकटीच्या फोटोत ते लाजल्यासारखे दिसतात. काहींना ती कोणाकडे तरी बघून हसतेय असं वाटेल. अख्ख्या फोटोत उत्तर आहे. डाव्या विंगेत पडद्याच्या आडून पीटीच्या सरांचा हात बाहेर आलेला आहे, चार बोटं वर. चौथा ठेका. ती मोजते आहे. पुढच्या ठेक्याला तिला खाली जायचं आहे आणि तिसरीने, पाचवीने वर यायचं आहे. तिचं पूर्ण लक्ष तिथे आहे. ज्या मुलीला ‘लक्ष नव्हतं’ म्हणून चिडवलं, तिच्याइतकं लक्ष देऊन त्या क्षणी दुसरं कोणी उभं नसेल. पण तो हात तिच्यापासून अठराशेहून जास्त ठिपके दूर आहे. पाच जणींच्या चौकटीतही तो येत नाही. तो आत घ्यायचा तर फोटोची डावी कड जशीच्या तशी ठेवावी लागते. असा संदर्भ चौकटीने वाचवता येत नाही, तो शब्दांनीच द्यावा लागतो. फोटोखाली एक ओळ लिहावी लागते.

आईला एकटीचाच फोटो हवा होता आणि तो तिला देण्यात मला काही गैर वाटलं नाही. घरातल्या भिंतीवर लावायचा आहे, बघणाऱ्या प्रत्येकाला सांगायला ती स्वतः तिथे आहे. शिवाय तिने तो गावाकडच्या नातेवाइकांना पाठवला तरी बाकीच्या सतरा मुलींचे चेहरे त्यांच्या घरच्यांना न विचारता कुठे कुठे जाणार नाहीत, हाही एक फायदाच. मात्र किती मोठा करायचा यावर आमचं थोडं बोलणं झालं. तिला बारा इंच उंचीचा हवा होता. आठशे बाय बाराशे ठिपके बारा इंचांवर पसरले की इंचाला शंभरच उरतात. दिवे मंद असल्यामुळे कॅमेऱ्याने आधीच दाणे पाडलेले, ते गालांवर रव्यासारखे दिसतात. मी तिला चार बाय सहाची प्रत काढून दाखवली. तिथे इंचाला दोनशे ठिपके पडतात, हातात धरून पाहायला पुरतात. चेहरा स्वच्छ आला होता. तिला तो आवडला.

ही चौकट ठरवतानाही दोन जागी हात थांबला होता. डाव्या कडेला शेजारच्या मुलीचं कोपर आणि तिच्या लेझमीचं टोक आत येतं. आठशे रुंदीत ते टाळता येत नाही, कारण सातशेवर आलं तर आपल्या मुलीची स्वतःची लेझीम कापली जाते. स्टुडिओवाला म्हणाला, “सर, ते कोपर मी उडवून देतो, मागचा पडदा ओढून घेतला की कळणारही नाही.” मी नको म्हणालो. ते कोपर फोटोत खटकतं हे खरं आहे. पण एकटीच्या फोटोत ‘इथे आणखी कोणी आहे’ असं सांगणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. मॅडम ‘पथकातली’ म्हणाल्या त्या कदाचित त्या कोपरामुळेच. ते काढलं असतं तर कापणं संपून बनवणं सुरू झालं असतं.

दुसरी जागा खालच्या कडेची. पुढच्या ओळीतल्या मुलीचं वाकलेलं डोकं तिथे येतं, अबोलीच्या गजऱ्यासकट. आपल्या मुलीच्या गुडघ्यांवर ते पडतं, त्यामुळे सहज वाटतं की कमरेवरच कापून टाकावं. मी तसं करून पाहिलं. फोटो सुटसुटीत झाला, आणि बसपासवर लावतात तसा निर्जीव झाला. उभं राहण्यातला ताण पायांमध्ये असतो, वर उचललेल्या हातांचं वजन मांड्यांपर्यंत दिसतं. मग मी मांडीच्या मध्यावर कड आणली. गुडघ्यावर किंवा मनगटावर कधी कापू नये, तिथे अवयव तुटल्यासारखा वाटतो, हे चित्रकलेच्या पहिल्या वर्षात शिकवतात. गजऱ्याचा वरचा अर्धा भाग आत राहिला. तो ठेवताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. ही पुढची मुलगी वाकली नसती तर मागची चौथी दिसलीच नसती. जिचं डोकं मी काढून टाकायला निघालो होतो, तिच्या वाकण्यामुळेच हा फोटो आहे.

त्या मुलीला मी पुन्हा खोलीत बोलावलं. माझी चूक झाली हे तिला सांगायचं होतंच, पण कशी झाली तेही दाखवायचं होतं. अख्ख्या फोटोची एक मोठी प्रत काढून टेबलावर ठेवली आणि कपाटातून माझे दोन काटकोन काढले. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, इंग्रजी ‘एल’च्या आकारात कापलेल्या. निसर्गचित्राला मुलं बाहेर नेतो तेव्हा चित्रात काय घ्यायचं ते ठरवायला या वापरतो. एक वरून, एक खालून ठेवली की चौकट होते आणि ती हवी तेवढी उघडता-मिटता येते. संगणकावरच्या चौकटीपेक्षा मला हे काटकोन बरे वाटतात, कारण कापलेला भाग नाहीसा होत नाही, पुठ्ठ्याच्या पलीकडे डोळ्यांना दिसत राहतो.

मी काटकोन अंकातल्या चौकटीवर ठेवले. “हे मी छापलं,” म्हटलं. तिने मान हलवली. मग ती स्वतःच उजवा काटकोन बाहेर सरकवायला लागली, अगदी सावकाश, केसाएवढा केसाएवढा. सहाव्या मुलीचा हात आला, लेझीम आली, मग चेहरा. तिथे ती थांबली नाही. डावा काटकोनही सरकवला. दुसरीचा चेहरा आत आला आणि तिने दोन्ही हात काढून घेतले.

“आता कळतंय, सर.”

मी विचारलं, “एका बाजूची पुरली नसती?”

ती म्हणाली, “नाही. मग आम्ही दोघी चुकलो असं वाटलं असतं.”

मी तेव्हाच तपासून पाहिलं. तिचं बरोबर होतं. चौघींच्या चौकटीत दोन उभ्या आणि दोन वाकलेल्या येतात, त्यांच्यापुढे वाकलेल्यांची एक अख्खी ओळ. ते विस्कटलेलंच दिसतं. कोणतीही नक्षी ओळखू यायला ती निदान एकदा वर, एकदा खाली आणि पुन्हा वर जावी लागते, आणि आपलं माणूस तिच्या मध्यावर असेल तर दोन्ही अंगांनी. रांगोळीत ठिपके किती मांडायचे हे जिच्या हाताला ठाऊक आहे, तिला मी हे काय सांगणार होतो?

पाच जणींची ती पट्टी पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून छापायची असं ठरलं. तिची किंमतही सांगायला हवी, ती फुकट मिळत नाही. अंकाचं पान मजकुराला सात इंच रुंद आहे. तीन हजार ठिपके सात इंचांत बसवले की पट्टी पावणेतीन इंचांच्या थोडी वर जाते, आणि चेहरा आठ मिलिमीटरचा होतो. आधी छापलेल्या चौकटीत तो अकरा मिलिमीटरचा होता. अख्खा फोटो त्याच रुंदीत छापला तर चेहरा चार मिलिमीटरवर येतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. मग सगळा संदर्भ राहतो, पण मुलीला तिची आजी ओळखत नाही. तेही एक नुकसानच आहे. अकरा आणि चारच्या मध्ये आठ मला योग्य वाटले.

अख्खा फोटो तरी पुरता कुठे होता? उजव्या टोकाला ध्वनिक्षेपकाचा उंच डबा आहे. मागच्या ओळीतली नववी मुलगी त्याच्या मागे गेली आहे. तिच्या लेझमीचं एक टोक तेवढं डब्याच्या कडेला दिसतं, झांजा हलताना पुसट झालेलं. तिची आईही फोटो मागायला आली होती. मी त्या संध्याकाळचे लेझमीचे सगळे फोटो तिच्यासमोर चाळले. स्टुडिओवाला सबंध नाच संपेपर्यंत एकाच जागी उभा होता, त्यामुळे प्रत्येक फोटोत डबा तिथेच आणि मुलगी त्याच्या मागेच. तिच्यासाठी कापायला काही नव्हतं. पहिली कातर कॅमेरा कुठे उभा केला तिथेच लागलेली असते, आणि ती नंतर कोणालाही सांधता येत नाही. तिला मी अख्खा फोटो दिला आणि मागे अठराही मुलींची नावं ओळीने लिहिली, तिचं मागच्या ओळीत शेवटी. तिची आई नाव वाचून थोडा वेळ लेझमीच्या त्या टोकावर बोट ठेवून बसली होती. या वर्षी स्टेज बांधताना तो डबा खाली मैदानात ठेवायला लावला आहे, आणि फोटो दोन्ही बाजूंनी घ्यायला सांगितले आहेत.

शाळेत फोटो मागायला येणाऱ्या पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या मुलाचा एकट्याचा फोटो जरूर कापून घ्या, घरात लावा. पण स्टुडिओवाल्याकडून मूळ फाइलही मागून घ्या आणि कापलेला फोटो वेगळ्या नावाने जपा, मूळ फाइलीवरच साठवू नका. आणि आजच, आठवतंय तोवर, फोटोच्या मागे लिहून ठेवा: कोणता नाच, कोणतं वर्ष, कोणत्या ओळीत कितवी, आणि शेजारी कोण होत्या.